आमचा 'आम्ही'

चौदा वर्षे सरकारी लेखाविभागात टिपणे लिहिल्यावर माणसाला प्रश्न विचारण्याची सवय उरत नाही. विचारलेल्याचे उत्तर द्यावे आणि न विचारलेले मनात ठेवावे, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे नागपूरच्या एका खासगी कंपनीतील हिशेबनिसाच्या जागेसाठी दूरध्वनीवर वीस मिनिटांची प्राथमिक चाळणी झाली, तेव्हा पुढच्या बोलावण्याची वाट पाहावी एवढेच आम्हांस सुचले. (कार्यालयाला रीतसर कळवूनच हा उद्योग आरंभिला होता, हे सांगितलेले बरे.) नागपुरात आई एकटी असते. जबलपूरहून सिवनीमार्गे जाण्यात अख्खा दिवस मोडतो, आणि आता तिला जिना उतरवत नाही.

बोलावणे आले. मुलाखत आठ दिवसांनी होती. पण त्या वीस मिनिटांत आपले काय चुकले, काय साधले, याचा थांग लागेना. पत्नी म्हणाली, "अहो, त्या बाईंनाच विचारा की!"

आम्हांस हे धारिष्ट वाटले. आमची उभी हयात परीक्षांच्या छायेत गेलेली. संघ लोकसेवा आयोग मुख्य परीक्षेचे गुण मुलाखतीपूर्वी उमेदवारास सांगत नाही. अंतिम निकाल लागेपर्यंत मौन. तिथे ते योग्यच आहे, कारण सर्वांना एकच तराजू लावायचा असतो. पण भरतीसंस्थेच्या बाई काही आयोग नव्हेत. उमेदवार कामावर रुजू झाला तरच अशा संस्थेला कंपनीकडून मोबदला मिळतो. म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या त्या आठ दिवसांत त्यांचे आणि आमचे हित एकाच होडीत बसलेले असते. नकार कळविल्यावर हीच माणसे ओठ मिटून घेतात. कारण सांगितले की वाद उपस्थित होतो. तेव्हा विचारायचे तर मधेच.

पहिला प्रयत्न अर्थातच फसला. "सविनय निवेदन की" अशा थाटाचे पत्र, त्यात पाच प्रश्न, आणि शेवटी "माझी कामगिरी कशी वाटली?" उत्तर आले : "छान होती सर, शुभेच्छा." हे उत्तर आम्हांस ओळखीचे होते. आम्हीही अर्जदारांना "प्रकरण विचाराधीन आहे" असेच लिहितो! ज्यात आपण दिलेल्या एकाही उत्तराचा उल्लेख नाही, तो अभिप्राय नव्हे. ती पोच होय.

दुसऱ्या दिवशी दूरध्वनी केला आणि एकच विचारले. "मॅडम, माझे नाव पुढे पाठविताना तुम्ही माझ्याविषयी दोन ओळी लिहिल्या असतील. त्या वाचून मुलाखत घेणाऱ्यांच्या मनात शंका येईल अशी कोणती गोष्ट आहे?"

क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "सर, राग मानू नका. थकलेल्या बिलांबद्दल मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'विभागामार्फत निपटारा करण्यात आला.' कुणी केला? तुम्ही सारखं 'आम्ही' म्हणता. त्यात तुम्ही किती, ते मला लिहिता आलं नाही."

आम्ही अवाक्. हिशेबाच्या खोल प्रश्नांविषयीही विचारले, तर त्या प्रांजळपणे म्हणाल्या, "त्यातलं मला कळत नाही, ते तिथले साहेब विचारतील." हेही उपयोगी पडले. जे त्यांना ऐकू आले तेवढेच त्या सांगू शकत होत्या. इतर उमेदवार कसे आहेत ते आम्ही विचारले नाही, आणि दिलेल्या उत्तराचे समर्थनही केले नाही. ते केले असते तर दुसरे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नसते.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. 'निपटारा करण्यात आला' हे वाक्य फोडले. 214 देयके अडकलेली होती. त्यांतील 61 ना पुरवठ्याची पावतीच जोडलेली नव्हती. हे शोधले आम्ही. म्हणजे मी. भांडारातून त्या पावत्या मागविण्याचा तक्ता मी केला, आणि चार महिन्यांत नऊ देयके सोडून बाकी सर्व मार्गी लागली. मंजुरीची सही मात्र साहेबांची. ती आपल्या खाती ओढायची नाही. ही कहाणी दीड मिनिटात बसते. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर बसून ती नर्मदेला चार वेळा ऐकवली. 'मी' म्हणताना दर वेळी कुणी मागून ऐकते आहे असे वाटे.

मुलाखतीत तोच प्रश्न आला : "हे तुम्ही केलंत, की तुमच्या साहेबांनी?" आम्ही दोघांचे वाटे वेगळे करून सांगितले. मग त्यांनी त्या नऊ देयकांचे काय झाले ते विचारले, आणि तेही ठाऊक होते.

निकाल अजून कळलेला नाही. आई रोज संध्याकाळी विचारते. कार्यालयात आज पुन्हा टिपण लिहिले : "असे निदर्शनास आले आहे की..."