चार एमएलची लढाई

गेल्या पावसाळ्यात आमच्या सनाचा कान दुखायला लागला. पाच वर्षांची पोर, रात्रभर कानावर हात धरून रडत होती. सकाळी डॉक्टरसाहेबांनी कानात बॅटरी घालून पाहिलं आणि सेफपोडॉक्झिमचं ड्राय सिरप लिहून दिलं. सकाळी चार एमएल, रात्री चार एमएल, जेवणानंतर, पाच दिवस. तीस एमएलच्या दोन बाटल्या. आम्ही दोघंही शिक्षक, वर्गातली चाळीस पोरं सांभाळतो. एका पोरीला चार एमएल औषध पाजणं ते काय, असं वाटलं होतं.

पहिला डोस सगळा दादीअम्मांच्या ओढणीवर गेला. आम्ही बोटाला लागलेलं औषध चाटून पाहिलं, तेव्हा पोरीचं चुकलं नाही हे कळलं. आधी स्ट्रॉबेरीसारखा गोड वास आणि मग जिभेच्या मुळाशी असा कडवटपणा, की चहा प्यायलो तरी जाईना. औषध बनवणारे साखर आणि वास घालतात, पण काही औषधं मुळातच इतकी कडू असतात की ती साखर पुरत नाही. लहान मुलांना तर कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त लागते.

रात्री दादीअम्मांनी आपली जुनी तोड काढली. अर्धा पेला दुधात औषध मिसळून दिलं. सनाने दोन घोट घेतले, तोंड फिरवलं आणि पेला तसाच राहिला. आता पोटात किती गेलं? अर्धं की पाव? तळाशी गुलाबी साका बसलेला दिसत होता, म्हणजे औषध जास्त तिथेच होतं. पुन्हा पूर्ण डोस द्यावा तर जास्त होईल, न द्यावा तर कमी. शेवटी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्या रात्री आणखी काही न देता सकाळी वेळेवर पुढचा डोस द्यायला सांगितलं, आणि औषध पेलाभर कशात मिसळायचं नाही हेही.

त्याच रात्री आमच्याही मनात एक शहाणपण आलं होतं. बाटलीतच थोडं पाणी जास्त घातलं तर कडूपणा पातळ होईल की! गणिताच्या मास्तरांना हे सुचावं याची आज लाज वाटते. तीस एमएलच्या खुणेऐवजी बाटली चाळीसपर्यंत भरली असती, तर आमच्या चार एमएलमध्ये खरं औषध तीन एमएलचंच आलं असतं. रोज दोन वेळा, पाच दिवस. कान बरा झाला नसता आणि आम्ही म्हटलं असतं की औषध लागू पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या दुकानात गेलो. तिथल्या भाईंनी आमची बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाले, "हे फ्रीजमध्ये चालतं, उलट तिथेच ठेवायचं. डोस आहे तोच राहू द्या, फक्त आधी आणि नंतर काय करता ते बदला." दहा रुपयांची सुई नसलेली सिरिंज त्यांनी सोबत दिली. घरातल्या चमच्यांचं काही खरं नसतं. आमच्याकडचे दोन चमचे नंतर मापून पाहिले तर एकात चार एमएल मावत होतं आणि दुसऱ्यात सहा.

मग घरी अशी पद्धत बसली. बाटली फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या खणात तर मुळीच नाही. औषध गोठवायचं नसतं. गार झालेलं औषध जाड होतं आणि खाली बसतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ हलवायचं. हे विसरलं की सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे कडूजहर. फेस बसू दिला, मग सिरिंजमध्ये चार एमएल भरलं. औषध देण्याआधी सनाला घरी गोठवलेली दुधाची कुल्फी मिनिटभर चाटायला दिली. बर्फाचा तुकडा तोंडात ठेवायला दिला नाही, घशात अडकायची भीती. गारव्याने जीभ थोडी बधिर होते आणि गार औषधाचा वासही कमी येतो. कडूपणा जात नाही, त्याची धार बोथट होते, इतकंच.

औषध घशात सोडायचं नाही, ठसका लागतो. बसवून, गालाच्या आतल्या बाजूला एक एक एमएल, प्रत्येक वेळी गिळू द्यायचं. नाक दाबणं, हातपाय धरणं बंद केलं. आणि मुख्य गोष्ट: नंतरचा पेला आधीच सनाच्या हातात. पहिल्या दिवशी आम्ही औषध देऊन मग सरबत करायला धावलो होतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात कडूपणा जिभेवर पसरतो आणि पोर ओकते. आता शेवटचा थेंब गेला की लगेच गुलाबाचं थंड दूध, दोन मोठे घोट. दुधातली मलई जिभेवर बसते, नुसत्या पाण्याने ते होत नाही. पेला संपला नाही तरी काळजी नाही, कारण औषध त्यात नाही, पोटात गेलेलं आहे. सिरिंजला चिकटलेलं थोडं औषध घोटभर पाण्याने धुऊन तेही देत होतो.

तिसऱ्या दिवशी सना स्वतःच सिरिंज धरू लागली. तोंड वाकडं करतच, पण घेत होती.

यश मिळालं की माणूस दुसऱ्यांना सल्ले द्यायला लागतो. महिन्याभराने सनाच्या फुप्पीचा मुलगा आजारी पडला, त्याला क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप होतं. आम्ही फोनवर सगळा नुस्खा ऐकवला आणि दूध नसेल तर संत्र्याचा रस चालेल असंही ठोकून दिलं. तासाभरात फोन आला: मुलगा आधीपेक्षा जास्त रडतोय. झालं असं होतं की या औषधाच्या बारीक कणांवर कडू चव झाकणारा लेप असतो, आणि आंबट रसाने तो तोंडातच सुटतो. शिवाय बाटलीवर साफ लिहिलं होतं की फ्रीजमध्ये ठेवू नये. आम्ही लेबल वाचायला सांगितलंच नव्हतं. फुप्पीने मग औषध बाहेरच ठेवलं, आधी कुल्फी चाटवली आणि नंतर थंड दूध दिलं, तेव्हा कुठे निभावलं.

दूधही सगळीकडे चालत नाही. आमच्या शाळेतल्या एका आपांच्या मुलाला लोहाचं सिरप आहे. त्याच्यावर दूध किंवा चहा दिला तर लोह अंगी कमी लागतं, तिथे साधं थंड पाणी किंवा लिंबाचं सरबत बरं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं तर कोणत्याच औषधासोबत नाही. म्हणून आता कुणी विचारलं की आम्ही आधी औषधाचं नाव विचारतो आणि मेडिकलवाल्याला दोन प्रश्न विचारायला सांगतो: हे गार करून चालतं का, आणि यावर काय प्यायला द्यायचं?

सनाचे पाच दिवस पूर्ण झाले तेव्हा दुसऱ्या बाटलीत बरंच औषध उरलं होतं. दादीअम्मा म्हणाल्या, "ठेव, पुढच्या वेळी कामाला येईल." पण पाणी घालून तयार केलेलं हे औषध आठवडाभरच टिकतं असं बाटलीवर होतं. बाटली टाकून दिली. सिरिंज मात्र सनाने मागून घेतली. सध्या तिच्या बाहुलीचा कान दुखतोय.