पाच किलो सोयाबीन आणि दोन मोटरी

वाशीमच्या बाजारात हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, ते आमच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी ठरवलं, की पाच किलो सोयाबीनची पिशवी घेऊन फळी चढणारा छोटा रोबोट करायचा. फळी दीड मीटर लांब, तिचं वरचं टोक जमिनीपासून अर्धा मीटर उंच. सांगाडा, बॅटरी, चाकं मिळून रोबोटचं वजन तीन किलो.

किटमधल्या पिवळ्या बीओ मोटरी जोडून पहिला प्रयत्न झाला. "सर, मोटर गुंगुं करते, पण चाक हालत नाई जी," एक मुलगी म्हणाली. तिने नेमकी खूण सांगितली होती. चाक जागच्या जागी फिरत राहिलं तर पकड कमी आहे. चाकच अडलं आणि मोटर गुणगुणत तापू लागली तर टॉर्क कमी आहे.

मग किती टॉर्क लागतो ते मोजायला मी घरचा हूकवाला वजनकाटा आणला. मोटरी काढून चाकं मोकळी केली, पिशवी ठेवली आणि काट्याने रोबोट फळीवरून सावकाश, एका गतीने वर ओढला. काटा ३.१ किलोवर स्थिर राहिला. कागदावरचा हिशेबही जवळच येतो: एकूण वजन ८ किलो, चढ तीनास एक, म्हणजे ८ भागिले ३, सुमारे २.७ किलो. उरलेले चारशे ग्रॅम चाकांच्या आणि आसाच्या घर्षणाचे. हे घर्षण पुस्तकातून नेमकं मिळत नाही, म्हणून काट्याने ओढून पाहण्यावर माझा जास्त विश्वास.

चाक १० सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या ५. काट्याचा आकडा गुणिले त्रिज्या, १५.५ किलो-सेंटीमीटर. थांबलेल्या अवस्थेतून गती घेण्यासाठी थोडं वाढवून १७ धरलं. मोटरी दोन, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला साडेआठ.

इथे मुलं थेट दहाची मोटर मागवायला निघाली होती. मोटरीच्या माहितीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा स्टॉल टॉर्क, म्हणजे चाक पूर्ण अडल्यावरचा जोर. त्या अवस्थेत मोटर सर्वांत जास्त करंट ओढते आणि काही क्षणांत तापते. रोजच्या कामाला स्टॉलच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच जायचं, असं मी त्यांना सांगितलं. म्हणजे साडेआठसाठी तीसच्या आसपास स्टॉल टॉर्क हवा.

आता गिअर. फळी आठ-नऊ सेकंदांत चढायची तर वेग सेकंदाला १८ सेंटीमीटरच्या आसपास. चाकाचा घेर ३१ सेंटीमीटर, म्हणून मिनिटाला सुमारे ३५ फेरे. दुकानात एकच मोटर ३०, ६०, १००, २०० अशा वेगवेगळ्या आरपीएमच्या गिअरबॉक्सवर मिळते. त्यातली ६० ची तीस किलो-सेंटीमीटरची होती. तीच मोटर २०० आरपीएमवर घेतली, तर वेग वाढेल तितका जोर घटून स्टॉल नऊच्या जवळ येतो. म्हणजे सपाट जमिनीवर ती मोटर धावली असती आणि फळीवर अडली असती. मोकळं फिरताना मोजलेला आरपीएम भाराखाली टिकत नाही, म्हणून ३५ साठी ६० घेणं रास्तच. शिवाय आमचा एल२९८एन ड्रायव्हर सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खातो, १२ चे मोटरीला १० च मिळतात, त्यामुळे वेग आणि जोर दोन्ही आणखी उतरतात.

नव्या मोटरींवर चाकं फिरली, पण आता ती घसरू लागली. पिशवी पुढे बांधलेली होती आणि मोटरी मागच्या चाकांना. अर्धंच वजन मागच्या चाकांवर पडलं, तर त्या चढावर रबर-लाकडाची पकड ०.८ च्या वर लागते, आणि सोयाबीनची धूळ बसलेल्या फळीवर ती मिळत नाही. पिशवी मागच्या आसावर सरकवली, फळी ओल्या फडक्याने पुसली, आणि रोबोट नऊ सेकंदांच्या आसपास वर पोचला. पिशवी आसाच्याही मागे नेली असती, तर पुढची चाकं उचलली गेली असती.

नंतर मुलांना दहा किलो चढवायचे होते. एकूण १३ किलो, म्हणजे ओढ ५ किलोच्या घरात. नव्या मोटरी मागवण्याऐवजी आम्ही ७ सेंटीमीटर व्यासाची चाकं लावली. ५ गुणिले ३.५ म्हणजे साडेसतरा, जवळपास आधीचाच भार. चढायला वेळ मात्र तेरा-चौदा सेकंद झाला. आणि फळीचं टोक जमिनीला जिथे टेकतं तिथली उंच कड लहान चाकांना ओलांडता येईना, म्हणून ती रंधा मारून उतरती करावी लागली.