सरांनी नाही म्हटलं

गेल्या वर्षी माझी मामेबहीण अमेरिकेत एमएससाठी अर्ज करत होती. मी इथेच इंदूरला बीई केलं आणि नोकरीला लागलो, परदेशी शिकायला काही गेलो नाही. पण घरातला 'कॉम्प्युटरवाला' मीच, म्हणून दर रविवारी राजेंद्रनगरला मामाकडे जाऊन तिच्यासोबत अर्ज भरत बसायचो. निबंध झाले, मार्कशीटा स्कॅन झाल्या, आणि गाडी अडली ती शिफारसपत्रांवर. मुलं त्याला एलओआर म्हणतात. तिथली बरीचशी विद्यापीठं अशी तीन पत्रं मागतात.

तिच्या यादीत पहिलं नाव होतं तिच्या विभागप्रमुखांचं. सरांनी पाचव्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवला होता. वर्गात बहात्तर मुलं, हिला ग्रेड चांगली, पण सरांशी स्वतंत्र बोलणं असं कधी झालंच नव्हतं. नवरात्राच्या आधी ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि सरळ म्हणाले, "बेटा, मैं तुम्हें जानता ही कितना हूँ? नंबर अच्छे हैं, पर नंबर तो वो मार्कशीट में देख ही लेंगे." मग त्यांनी विचारलं, तुझ्या प्रोजेक्टच्या गाइड कोण? तिने एका असिस्टंट प्रोफेसर मॅडमचं नाव सांगितलं. सर म्हणाले, त्यांच्याकडे जा.

घरी यावर मोठं रामायण झालं. मामीचं म्हणणं, "एक सही करायला असं काय जात होतं त्यांचं? विभागप्रमुखाच्या पत्राला वजन असतं. त्या मॅडमना कोण ओळखतं?" तिच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. आपल्याकडे पुष्कळदा मुलगाच पत्राचा मसुदा लिहून नेतो आणि सर त्यावर सही करतात. बरोबरच्या दोघा-तिघांचं काम तसंच झालं होतं. मग हिलाच नकार का?

मला सरांचं म्हणणं लगेच पटलं, कारण तो फॉर्म मी आतून पाहिलेला आहे. माझ्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलासाठी दोन वर्षांपूर्वी मी अशी शिफारस केली होती. अर्जदाराला हा भाग दिसत नाही. तो फक्त आपलं नाव आणि ईमेल देतो आणि विद्यापीठाकडून आपल्याला एक लिंक येते. ती उघडली की पत्र जोडायच्या आधीच प्रश्न सुरू होतात. या व्यक्तीला किती काळापासून ओळखता? कोणत्या नात्याने? मग एक तक्ता येतो. बुद्धीची झेप, स्वतंत्र काम करण्याची क्षमता, लेखन, चिकाटी असे गुण एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे खुणा करायच्या: आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांत वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पंचवीस टक्क्यांत, सरासरी. बहुतेक तक्त्यांत शेवटचा रकाना असतो, 'सांगण्याइतकी माहिती नाही'.

आता सरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. प्रामाणिकपणे भरायचं तर चिकाटीपुढे, स्वतंत्र कामापुढे त्यांना तो शेवटचाच रकाना निवडावा लागला असता. आणि पत्रात काय लिहिणार? अमुक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती, तिला चांगली ग्रेड मिळाली, ती नियमित येत असे. प्रवेश समितीने अशी पत्रं ढिगाने वाचलेली असतात. वर्गात चांगली होती एवढंच सांगणारं पत्र म्हणजे सांगण्यासारखं आणखी काही नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. तीनपैकी एक जागा त्यात फुकट जाते. वर हे पत्र तिला दिसलंही नसतं. अमेरिकेत 1974 चा एक कायदा आहे, फेर्पा नावाचा. त्यानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क असतो, पण शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडतो का, असं अर्जातच विचारतात. बहुतेक मुलं 'सोडतो' वर खूण करतात, म्हणजे पत्र मोकळेपणाने लिहिलेलं आहे यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. तेव्हा होकार देऊन कोमट पत्र पाठवणारे सर तिला कधी कळलेच नसते.

मी मामीला विचारलं, "मामी, मॅडमना हिच्याबद्दल काय माहीत आहे ते तुला ठाऊक आहे का?" तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं तर मलाही त्या दिवशीच नीट कळलं. हिचा प्रोजेक्ट दोन सेमिस्टर चालला होता. सिटी बस स्टॉपवर कधी पोचेल याचा अंदाज सांगायचा. चौघांनी आळीपाळीने स्टॉपवर उभं राहून वेळा टिपल्या होत्या. पहिल्या खेपेला अंदाज शंभरपैकी चौऱ्याण्णव वेळा बरोबर आला आणि बाकी तिघं खूश झाले. हिला शंका आली. तिने शोधून काढलं की एकाच दिवसाच्या नोंदी शिकवायच्या डेटातही होत्या आणि तपासायच्या डेटातही. म्हणजे पेपर आधीच फुटलेला! सबमिशनला तीन आठवडे उरले असताना तिने दिवसांप्रमाणे डेटा वेगळा करून सगळं पुन्हा चालवलं. आकडा एक्क्याऐंशीवर उतरला. रिपोर्टमध्ये तिने दोन्ही आकडे आणि त्यामागचं कारण लिहिलं. हे सगळं मॅडमनी समोर पाहिलं होतं.

मी त्या समितीत असतो तर मला हाच परिच्छेद वाचायला आवडला असता. विभागप्रमुखांना तो लिहिता येणं शक्यच नव्हतं, कारण ते तिथे नव्हते.

सरांच्या नकारातली मला सर्वांत मोलाची वाटली ती वेळ. बहुतेक अर्जांची मुदत 15 डिसेंबर होती आणि त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नाही म्हटलं. 'हो, हो, पाहू' म्हणून ते दिवाळीच्या सुट्टीवर गेले असते तर? लिंक तशीच पडून राहिली असती, आणि पत्र आलं नाही की तो अर्ज अपुरा. आठ विद्यापीठं म्हणजे प्रत्येकाला आठ लिंका. नकार कळायला डिसेंबर उजाडला असता तर नवीन माणूस शोधायलाही वेळ उरला नसता.

मॅडमकडे जाताना मी तिला एवढंच सांगितलं, "एलओआर द्याल का असं विचारू नकोस. माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का, असं विचार." त्यात समोरच्याला नाही म्हणायला दार उघडं राहतं. सोबत मार्कशीट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि तारखांचा एक पानी तक्ता दिला. मॅडमनी तिला अर्धा तास बसवून घेतलं आणि विचारलं, तो डेटाचा घोळ तुला नेमका कशावरून कळला? दुसरं पत्र इंटर्नशिपच्या मॅनेजरने दिलं, तिसरं तिला दोन विषय आणि एक लॅब शिकवलेल्या सरांनी.

मॅडमनी काय लिहिलं ते आम्हाला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. आठपैकी तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. तो पत्रामुळे की निबंधामुळे, देव जाणे. मामी मात्र अजून म्हणते की विभागप्रमुखांचं पत्र असतं तर चार ठिकाणी मिळाला असता.

माझ्या कंपनीत रेफरलचा फॉर्म आहे, त्यात पहिलाच प्रश्न असतो: या व्यक्तीबरोबर तुम्ही प्रत्यक्ष काम केलं आहे का? मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेल्या काकांच्या मुलाचा रेझ्युमे परवाच आला. मी त्याला फोन करून सांगितलं, मी 'नाही' वर खूण करणार आहे, त्याने तुला फारसा फायदा होणार नाही; तुझ्या आधीच्या टीममधलं कोणी आमच्याकडे आहे का ते पाहू या. एक मुलगी निघाली, आमच्याच तिसऱ्या मजल्यावर बसते.