बंद होतो, पण लागत नाही!

मंडळी, दिवाळीला शिरपूरला गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजव्या हाताची बोटं रिमोटवर नीट चालत नाहीत. आई दुपारी बाहेर गेली की ते एकटेच. म्हणून मागच्या खेपेला मी हॉलमध्ये स्मार्ट स्पीकर ठेवून टीव्ही त्याला जोडून दिला होता आणि फुशारकी मारत पुण्याला परतलो होतो.

यावेळी घरात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच आई म्हणाली, "तुनं यंत्र बहिरं शे रे भाऊ." चौकशी केल्यावर गंमत कळली. बाबांनी "टीव्ही बंद करो" म्हटलं की टीव्ही बंद व्हायचा. "चालू करो" म्हटलं की स्पीकर ठीक आहे म्हणायचा आणि पडदा काळाच! मग आई येईपर्यंत बाबा काळ्या पडद्यासमोर बसून. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नाही, त्यामुळे मला दोन महिने पत्ताच नव्हता.

पहिला मोह होतो सगळं काढून पुन्हा जोडण्याचा. मी थांबलो. बंद होतोय म्हणजे टीव्हीचं खातं, स्पीकरच्या अ‍ॅपमधली जोडणी आणि टीव्हीचं नाव हे तिन्ही बरोबर असणार. बिघाड फक्त चालू करण्यात.

दोन्ही आज्ञांचे रस्ते वेगळे असतात. टीव्ही चालू असताना तो इंटरनेटवरून आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलत असतो, त्यामुळे "बंद कर" हा निरोप तिकडून फिरून येतो. झोपलेल्या टीव्हीचं हे बोलणं सहसा बंद असतं. फक्त नेटवर्कची चिप जागी राहून एका ठराविक हाकेची वाट बघते. ही हाक म्हणजे 'मॅजिक पॅकेट', १९९५ पासूनची जुनी युक्ती: सहा वेळा FF आणि मग टीव्हीचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. आमच्यासारख्या जोडणीत ही हाक स्पीकर घरातल्या घरातच मारतो.

म्हणून आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चिप जागी ठेवलीय का ते बघायचं. कुठे `Power On with Mobile`, कुठे `Turn on via Wi-Fi`, तर कुठे `Remote start` असं नाव असतं. आमच्याकडे ते चालूच होतं. मग दोघांचे आयपी पत्ते बघितले. स्पीकर 192.168.1.7, टीव्ही 192.168.0.104. सापडला चोर!

झालं होतं असं की फायबरवाल्याने नवा राउटर पुढच्या खोलीत लावला होता. हॉलच्या जाड भिंतीमुळे तिथे रेंज येईना, म्हणून मीच जुना राउटर वायरने पुढे जोडून दिला होता. टीव्ही जुन्यावर, स्पीकर नव्यावर. इंटरनेट दोघांनाही मिळत होतं, पण मॅजिक पॅकेट ही गल्लीतली हाक, ती राउटर ओलांडून पलीकडच्या गल्लीत जात नाही. खात्रीसाठी लॅपटॉप आधी जुन्या राउटरवर घेतला, टीव्ही बंद केला आणि हे चालवलं (मॅक पत्ता अर्थातच आपल्या टीव्हीचा घालायचा):

```
wakeonlan 02:00:5e:10:00:01
```

टीव्ही लागला. नव्या राउटरवरून तीच आज्ञा दिली, तर ढिम्म.

उपाय दहा मिनिटांचा. जुन्या राउटरचा पत्ता 192.168.1.2 केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि नव्याकडून येणारी वायर WAN मधून काढून LAN मध्ये खोचली. आता घरभर एकच गल्ली. टीव्हीला 192.168.1 चा पत्ता मिळाला आणि बाबांच्या पहिल्याच हाकेला तो उठला.

आवाजाचं दुखणं मात्र निराळं निघालं. "आवाज बढाओ" म्हटलं की पडद्यावर आकडा वाढायचा, कानाला काहीच फरक नाही. कारण आवाज ऑप्टिकल वायरीने साउंडबारला जात होता. त्या वायरीतून फक्त आवाज जातो, कमी-जास्त करण्याचा निरोप जात नाही. एचडीएमआयची वायर दोन्हीकडच्या ARC लिहिलेल्या खाचेत लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये CEC चालू केलं, काम झालं.

एवढं करून रात्री बघतो तर बाबांनी सवयीप्रमाणे डाव्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलेलं! वीजच नसेल तर चिप तरी कशी जागी राहणार? त्या बटणावर आता आईने पांढरी चिकटपट्टी लावलीय.

काल फोन केला तर मागून मॅचचा गोंगाट ऐकू येत होता. म्हटलं, "आई आहे का?" तर म्हणाले, "बाजारात गेलीय. मीच लावला."

असो. घरी कोणासाठी असं काही जोडून देणार असाल, तर निघण्याआधी टीव्ही बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा लावायला सांगून बघा. मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं.