‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’?

आमच्या घरात चार तऱ्हेने बोलणं चालतं. अम्मी मला ‘तू’ म्हणते, मी तिला ‘तुम्ही’ म्हणते. माझा मुलगा मला ‘तू’ म्हणतो आणि त्याच्या अब्बूंना ‘तुम्ही’. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वयाने मोठ्याने ‘तू’ म्हणावं, लहानाने ‘तुम्ही’, एवढं आपल्याकडे सरळ असतं. मुलगा शिकायला जर्मनीला निघाला, तेव्हा हेच सरळ गणित त्याला नडलं.

लग्नाआधी मी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकले होते. आता खराडीत घरीच शिकवणी घेते. इथल्या आयटी पार्कमुळे शिकणारे मिळतात. मुलगाही माझ्याकडेच शिकला, पण घरचं शिकणं! सराव सगळा मोबाइलवर, तोही बरोबरीच्या मुलांशी. विद्यार्थी एकमेकांना सर्रास ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणतात, म्हणून तेच त्याच्या तोंडी बसलं.

तिकडे एका बाईंच्या घरात त्याला खोली मिळत होती. बाई साठीच्या पुढच्या. त्यांचा पहिला निरोप आला, त्यात याला त्यांनी ‘झी’ म्हणजे मानाचं ‘तुम्ही’ लिहिलं होतं. तेवीस वर्षांच्या पोराला! त्याला ते फार परकं वाटलं. आपण जरा जवळीक दाखवावी म्हणून त्याने लिहिलं, ‘हालो’, पुढे बाईंचं नुसतं पहिलं नाव, आणि ‘चावी तू किती वाजता देशील?’

उत्तर दोन दिवसांनी आलं. आधी गप्पा मारल्यासारखं लिहिणाऱ्या बाईंनी आता एकच वाक्य लिहिलं होतं, मायना श्री आणि आडनावाचा, आणि पुन्हा ‘झी’. मुलगा म्हणाला, “अम्मी, खोली जाते की काय?”

मी त्याला समजावलं. जर्मन मोठ्या माणसांत ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ दोन्हीकडून सारखंच असतं. एकाने ‘डू’ आणि दुसऱ्याने ‘झी’, हे फक्त मूल आणि मोठा माणूस यांच्यात चालतं. सोळाच्या आसपास वय झालं की अनोळखी लोक पोरालाही ‘झी’ म्हणू लागतात. म्हणजे बाई तुला दूर लोटत नव्हत्या, मोठा माणूस समजत होत्या. ‘डू’वर यायचं निमंत्रण वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याने द्यायचं असतं. ते तू न विचारता घेतलंस. तुझ्या ‘डू’नंतर त्यांनी मुद्दाम ‘झी’च ठेवलं, हीच खूण ओळखायची.

मग त्याने लिहिलं, “माफ करा, मी अजून भाषा शिकतो आहे. वरच्या निरोपात मला ‘झी’ म्हणायचं होतं.” तासाभरात हसऱ्या चेहऱ्यासह उत्तर आलं आणि चावीची वेळही.

लिहिताना आणखी एक मेख असते. मानाच्या ‘झी’चा पहिला एस मोठ्या लिपीतला हवा. लहान राहिला तर त्याचा अर्थ ‘ती’ किंवा ‘ते लोक’ होतो. बोलताना हा फरक ऐकू येत नाही, मोबाइलवर मात्र लगेच दिसतो. आणि काही ठरतच नसेल, तर सर्वनामच टाळावं. ‘खोली अजून रिकामी आहे का?’ असं विचारता येतं. आपणही नव्या पाहुण्याला ‘जेवण झालं का?’ विचारून ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न टाळतोच की!

फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ अशी जोडी आहे. तिथे ‘वू’ मानाचंही आणि अनेकांसाठीही, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. समवयस्कांत ‘त्यू’ लवकर येतं, तरी अनोळखी मोठ्या माणसाला पहिला निरोप ‘वू’नेच लिहावा. आपण एकमेकांना ‘त्यू’ म्हणू या का, असं विचारण्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळं क्रियापदच आहे. जर्मनमध्येही तसंच आहे. समोरच्याने ते वापरलं, की दार उघडलं.

आणि गंमत अशी, की या दोन्ही भाषांत दुआ मागताना मात्र ‘तू’च म्हणतात. आपणही अल्लाहला ‘तू’च म्हणतो. म्हणजे ‘तू’मध्ये मान नसतो असं नाही. तिथे निमंत्रणाची गरज नसते, एवढंच.

चार महिन्यांनी त्या बाईंनी स्वतःच लिहिलं, आता आपण ‘डू’ म्हणू या, आणि खाली फक्त पहिलं नाव. मुलाचा लगेच फोन, “अम्मी, नानीच्या वयाच्या बाईंना नावाने हाक कशी मारू? मी ‘झी’च ठेवू का?”

“नको,” मी म्हटलं. “एकदा दिलेलं ‘डू’ परत केलं, की त्यांना ते नातं तोडल्यासारखं वाटतं. म्हण तू.”

त्याने म्हटलं. पण सांगत होता, ‘डू’ लिहिताना अजून बोट क्षणभर थांबतं.