गिअरबॉक्स उतरवण्याआधी

अर्ज हा वाङ्मयप्रकार आहे, असे आपल्याकडे कोणी मानत नाही. शाळेत घोटवून घेतलेल्या त्याच्या साच्यात माणूस सहसा दिसतच नाही. साताऱ्यात मामांचे गॅरेज आहे. तिथल्या एका तरुण मेकॅनिकने मामांना लिहिलेले दोन पानी पत्र त्यांनी माझ्यापुढे टाकले. ‘तू मराठी शिकवतोस ना, बघ काय म्हणतोय.’

आरंभी ‘विषय’ होता, ‘महोदय’ होते. आयटीआयची दोन वर्षे आणि गॅरेजमधली चार यांचा रीतसर उल्लेख होता. तिसऱ्या परिच्छेदात मात्र ‘महोदय’ गळून पडतात, ‘मालक’ येतात, आणि पत्र बोलू लागते.

खंबाटकीच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, अशी तक्रार घेऊन एक जीप आली होती. क्लच घसरतो आहे हे त्याने चालवून पाहताच ओळखले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी धरून त्याने गिऱ्हाइकाला आकडा सांगितला. गिअरबॉक्स उतरवला, तर प्लेट तेलाने भिजलेली! क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळत होते. सील तसेच ठेवून नवी प्लेट बसवावी, तर तीही तेलात भिजणार आणि सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागणार. सील तसे स्वस्तच. पण फ्लायव्हीलही तापून निळे पडले होते, ते लेथवर फेस करून आणावे लागले. आकडा वाढला, गिऱ्हाईक भांडले आणि वाढीव रक्कम मामांनी सोडून दिली.

यावर त्याची दोन वाक्ये अशी: ‘गाडी उघडल्यावर काय करायचे ते मला येते, मालक. उघडण्याआधी काय बोलायचे ते येत नाही.’ माझ्या मते सारे पत्र या दोन वाक्यांसाठी लिहिले गेले आहे.

त्याची मागणी नेमकी आहे. रोज संध्याकाळी एका जॉब कार्डावर आधी त्याने अंदाजपत्रक लिहायचे, ते न पाहता मामांनी आपले लिहायचे, मग दोन्ही शेजारी ठेवायची. (आमच्या वर्गांत इतका विचार क्वचितच होतो.) पुढे स्वतःचे गॅरेज काढायचे आहे, हेही त्याने लपवलेले नाही. ‘पण या रस्त्यावर नाही,’ एवढेच जोडले आहे.

मामांना ते वाक्य खुपले. मग म्हणाले, ‘अंदाजपत्रक शिकवीन. गाडी उघडल्यावर आणखी काय निघू शकेल ते आधीच सांगून कार्डावर सही घ्यायची, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवे होते. माल आणायला मात्र इतक्यात पाठवणार नाही. पार्टवाल्याकडची उधारी माझ्या नावावर आहे.’

हे त्याला लिहून कळवा, असे मी सुचवले. मामांनी पत्र घडी करून जॉब कार्डांच्या फाइलीत ठेवले आणि त्यालाच हाक मारली.