हत्तीची चाल

रथ पहिल्यांदा गेला. चतुरंगाच्या चार अंगांपैकी आज आपल्या पटावर तो एकटाच दिसत नाही. त्याच्या कोपऱ्यात हत्ती उभा आहे आणि हत्तीच्या मूळ जागी उंट. मोहरी इकडची तिकडे झाली, पण जुन्या हत्तीची चाल मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही.

ती चाल इराणमार्गे अरबांकडे गेलेल्या शतरंजात होती. हत्ती तिरका, बरोबर दुसऱ्या घरात उडी घेई. मधल्या घरात कुणी असले तरी त्याला अडथळा नसे. त्यामुळे चौसष्टपैकी आठच घरे त्याची. दोन्ही बाजूंचे चार हत्ती मिळून बत्तीस घरे होत आणि त्यातले एकही घर दोघांना सामाईक नसे. हत्ती हत्तीला कधी मारू शकत नसे, आपल्या जोडीदाराला जोरही देऊ शकत नसे. उरलेल्या बत्तीस घरांत कुठल्याच हत्तीचे भय नाही, हे ध्यानात ठेवूनच डाव रचावा लागे. मला ही मर्यादा फार देखणी वाटते.

मग रूप गेले. अरबांच्या मोहऱ्यांत प्राण्यांचे आकार बहुधा नसत. हत्तीचा झाला एक गोलसर ठोकळा, वर सुळ्यांचे दोन उंचवटे. पश्चिम युरोपात हत्ती फारसा कुणाच्या पाहण्यातला नव्हता. इंग्लंडात त्या मोहऱ्याला बिशप म्हणू लागले, फ्रान्समध्ये विदूषक. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ साली बाराव्या शतकातली वॉलरसच्या सुळ्यांची मोहरी सापडली, त्यांत बिशप आहेत, हत्ती नाही.

चाल शेवटी पंधराव्या शतकाच्या अखेरीस गेली. वजीर तोवर तिरके एकच घर सरके. स्पेनमध्ये तो चौफेर धावू लागला आणि हत्तीची उडी जाऊन लांब तिरकी धाव आली. लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ सालच्या पुस्तकात जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे डाव आहेत. डाव झटपट निकालात निघू लागला आणि जुना खेळ मागे पडला.

भारतात हत्तीची आणखी एक चाल होती. अल् बेरूनीने अकराव्या शतकात ती नोंदवली: समोर एक घर, किंवा चार तिरक्या घरांपैकी एक. पुढचे घर म्हणजे सोंड आणि बाकीचे चार पाय, असा अर्थ त्याने दिला आहे. आपल्याकडे ही चाल आता कुणी खेळत नाही. ब्रह्मदेशातल्या सित्तुयिन या खेळात हत्ती अजून असाच चालतो. पण तिथेही पाश्चात्त्य बुद्धिबळच जास्त खेळले जाते आणि सित्तुयिनचे खेळाडू कमी होत चालले आहेत.